आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला मल्याळममध्ये चार ओळी: मोजक्या, पण आपल्या वाटतील अशा

शहाळं_७

नमस्कार मंडळी. आईवडील मूळचे त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजालकुड्याचे. वडिलांची सगळी नोकरी डोंबिवलीत झाली, आता दोघं गावी असतात. मी आणि माझा भाऊ मल्याळम बोलतो, पण शाळा मराठी असल्यामुळे लिहिता येत नाही. येत्या सप्टेंबरात त्यांच्या लग्नाचा मोठा वाढदिवस आहे आणि दोघांच्या वतीनं एक संदेश पाठवायचा आहे.

एका शुभेच्छापत्रावरून हा मजकूर मिळाला. उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो:

"एन्टे प्रियप्पेट्ट मातापिताक्कळे, निङ्ङळ् एन्टे जीवितत्तिले रण्डु विळक्कुकळ् आणु. ञान् निङ्ङळे स्नेहिक्कुन्नु. नन्दि."

म्हणजे "माझ्या प्रिय मातापित्यांनो, तुम्ही माझ्या आयुष्यातले दोन दिवे आहात, मी तुमच्यावर प्रेम करतो, धन्यवाद." व्याकरणात चूक दिसत नाही, पण आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. हे साधं आणि आपलं कसं करायचं?

तात्या_विक्रोळी

उगाच घाबरू नका. मल्याळममध्ये क्रियापद पुरुषाप्रमाणे, लिंगाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, ते, सगळ्यांना एकच रूप, त्यामुळे चुकायला जागा कमी. शिवाय निम्मे शब्द संस्कृतातले. सुखी संसार, प्रणाम हे आपलेच शब्द ठेवायचे आणि शेवटी अनुस्वार द्यायचा. "अच्छनुं अम्मयुं विवाह वार्षिक प्रणामं" एवढं लिहा, पोचेल.

पेरियार_काठ

तात्या, क्रियापदाचं अगदी बरोबर सांगितलंत. आजच्या मल्याळममध्ये "परयुन्नु" हे रूप मी सांगतो, ती सांगते, ते सांगतात या सगळ्यांना चालतं. पण संस्कृत शब्दांचा मार्ग या प्रसंगाला धोक्याचा आहे, कारण शब्द तोच राहून अर्थ सरकलेला असतो.

"प्रणामं" हा शब्द केरळात आज मुख्यतः गेलेल्या माणसासाठी वापरतात. कुणी वारलं की फोटोखाली लोक तेवढा एकच शब्द लिहितात. वाढदिवसाच्या दिवशी कुटुंबाच्या ग्रुपवर आईवडिलांच्या फोटोखाली तो दिसला, तर गावाकडून घाबरून फोन येतील. "आदरांजलिकळ्" तर सरळ श्रद्धांजलीच. "संसारं" म्हणजे बोलणं, गप्पा. "प्रपञ्चं" म्हणजे विश्व. म्हणून "सुखी संसार" तसाच नेला तर त्याचा लग्नाशी काही संबंध उरत नाही. नवराबायकोच्या संसारासाठी तिथे "दाम्पत्यं" किंवा "दाम्पत्यजीवितं" म्हणतात, आणि आईवडिलांना लिहिताना त्याचीही गरज पडत नाही.

प्रसंगाचा शब्द "विवाह वार्षिकं" आणि शुभेच्छा म्हणजे "आशंसकळ्". दोन्ही जोडून "विवाह वार्षिकाशंसकळ्". बोलताना बहुतेक घरांत "हॅपी ॲनिव्हर्सरी" असंच म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. पण लिहिलेल्या संदेशात मल्याळम शब्द छान दिसतो.

आता तुमच्या वाक्यातली खरी अडचण. शुभेच्छा कुणाला, तर वडिलांना आणि आईला. म्हणजे दोन्ही नावांना "ला" लागायला हवा. "अच्छन्" चं "अच्छनु" होतं आणि "आणि" चा "उं" जोडला की "अच्छनुं". "अम्म" चं मात्र "अम्मय्क्कु" आणि पुढे "अम्मय्क्कुं". गंमत अशी की "वडीलसुद्धा" आणि "वडिलांनाही" ही दोन्ही रूपं "अच्छनुं" अशीच ऐकू येतात. त्यामुळे वडिलांच्या शब्दात चूक कळत नाही, आईच्या शब्दात लगेच उघडी पडते. "अच्छनुं अम्मयुं" म्हणजे नुसतं "बाबा आणि आई". शुभेच्छा द्यायच्या तर:

"अच्छनुं अम्मय्क्कुं विवाह वार्षिकाशंसकळ्."

किंवा हाक मारून सुरुवात करायची असेल तर "अच्छा, अम्मे," आणि पुढे शुभेच्छा. हाकेला "ला" लागत नाही, शब्दाचा शेवट बदलतो एवढंच. घरच्या माणसांना हाकेची सुरुवात जास्त जवळची वाटते. "मातापिताक्कळे" हे सभेतल्या भाषणाचं संबोधन आहे.

शहाळं_७

हे फार उपयोगी आहे. दोन शंका. आम्ही दोघं मिळून लिहितोय, तर "आमचे" साठी ञङ्ङळुडे की नम्मुडे? आणि घरात दुसराच वाद चालू आहे, हा 40वा की 41वा. लग्नपत्रिकेवर इसवी सन नाही, "1161 चिङ्ङं" असं छापलंय.

पेरियार_काठ

पहिलं तुम्हाला मराठीमुळे सोपं जाईल. "ञङ्ङळुडे" म्हणजे आमचं आणि "नम्मुडे" म्हणजे आपलं. आईवडिलांशी बोलताना "ञङ्ङळुडे अच्छनुं अम्मय्क्कुं" म्हणजे आमच्या आईबाबांना, कारण आईबाबा स्वतः त्या "आम्ही" मध्ये येत नाहीत. घराबद्दल बोलताना मात्र "नम्मुडे वीडु". तिथे "ञङ्ङळुडे वीडु" लिहिलं तर आईवडिलांना त्यांच्याच घरातून बाजूला काढल्यासारखं होतं. हिंदी किंवा इंग्रजीतून मजकूर करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते, कारण तिकडे हा फरकच नाही.

वाऱ्यावरची_चिठ्ठी

मधेच विचारते. केरळात वाढदिवस नक्षत्रावरून धरतात ना? मग लग्नाचा वाढदिवसही दर वर्षी वेगळ्या तारखेला येत असणार. आधी पंचांग बघून तारीख ठरवा, नाहीतर संदेश भलत्याच दिवशी जाईल.

पेरियार_काठ

माणसाचा वाढदिवस, म्हणजे "पिरन्नाळ्", बरीच हिंदू घरं जन्मनक्षत्रावरून धरतात, हे खरं. लग्नाचा वाढदिवस मात्र आता सर्रास इंग्रजी तारखेनंच साजरा होतो. त्यांच्या घरी आजवर कोणत्या तारखेला फोन होत आलेत, ते बघून तोच दिवस धरावा.

पत्रिकेवरचं 1161 हे कोल्लम वर्ष आहे. ते वर्ष ऑगस्टच्या मध्यात चिङ्ङं महिन्यानं सुरू होतं. तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी कोल्लम वर्षात 824 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी 825. चिङ्ङं वर्षाचा पहिलाच महिना, म्हणून 1161 अधिक 824, म्हणजे 1985. चिङ्ङं साधारण 17 ऑगस्टला सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो, तेव्हा तुमचा सप्टेंबरही जुळतो. कुणीतरी घरात लग्नाचं वर्षच पहिलं म्हणून मोजलं असावं, म्हणून एकाचा फरक पडतोय. 2025 मध्ये चाळिसावा. मल्याळममध्ये "नाल्प्पतां विवाह वार्षिकं".

वर्षांचा आकडा वाक्यात घालायचा असेल तर "नाल्प्पतु वर्षं" असं एकवचन ठेवा. आकडा आला की अशा नामाला अनेकवचन लावायची गरज नसते. "वर्षङ्ङळ्" लिहिलं तर चूक म्हणणार नाही कुणी, पण छापील भाषा वाटते.

कैरी_पन्हं

मल्याळम-मराठी भाषांतराचं काम करते, म्हणून मजकुराच्या सुराबद्दल लिहिते. वरचं व्याकरण मिळालं तरी पत्रातली बाकीची वाक्यं तशीच राहिली तर काही उपयोग नाही.

"ञान् निङ्ङळे स्नेहिक्कुन्नु" हे वाक्य व्याकरणानं शुद्ध आहे आणि घरात जवळजवळ कुणी बोलत नाही. पडद्यावरचा नायक बोलतो. घरातलं प्रेम "इष्टं" या शब्दानं सांगतात, किंवा संदेशाच्या शेवटी "ओरुपाडु स्नेहं" एवढंच लिहितात, म्हणजे खूप खूप प्रेम. मध्य केरळात "ओत्तिरि स्नेहं" जास्त ऐकू येईल, त्रिशूरच्या घराला दोन्ही चालेल.

"नन्दि" काढाच. आईला कुणी "मी आपला आभारी आहे" म्हटलं तर मराठीत जसं परकं वाटतं तसंच ते तिकडे वाटतं. दिवे, देव्हारा, "स्नेहनिधि" हे सगळं काढा. "स्नेहनिधियाय अच्छन्" हा प्रयोग वर्तमानपत्रातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत इतका येतो की जिवंत माणसासाठी वाचताना दचकायला होतं.

मग उरतं काय? शुभेच्छेचं एक वाक्य, त्या दोघांच्या रोजच्या जगण्यातली एक गोष्ट आणि पुढच्या दिवसांसाठी एक इच्छा. मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती कोणत्याही पत्रावर मिळणार नाही. ती दोघांना मिळून असलेली हवी. एकट्या आईची किंवा एकट्या वडिलांची गोष्ट घेतली की संदेश त्या एकाचा होतो आणि दुसरा बाजूला पडतो. त्यागाच्या, कष्टाच्या मोठ्या गोष्टी इथे नकोत. त्या लिहायला बसलं की भाषा आपोआप फुगते.

शहाळं, तुमच्या आईबाबांचं रोज ठरलेलं असं काय चालतं?

शहाळं_७

सकाळी बाबा सगळ्यांचा कोरा चहा करतात. आई रोज त्याला नावं ठेवते, पाणचट झालाय, साखर जास्त पडली, आणि सगळा पिते.

कैरी_पन्हं

हेच पाहिजे होतं. बघा:

"अच्छा, अम्मे, नाल्प्पतां विवाह वार्षिकाशंसकळ्. राविले अच्छन् इडुन्न कट्टन्चाययुं अदिनु अम्म परयुन्न कुट्टवुं इल्लादे नम्मुडे वीडु उणरिल्ला. इनियुं ओरुपाडु कालं इङ्ङने ओन्निच्चु उण्डावणं. ओत्तिरि स्नेहं."

अर्थ असा: बाबा, आई, चाळिसाव्या लग्नवाढदिवसाच्या शुभेच्छा. सकाळी बाबा करतात तो कोरा चहा आणि त्याला आई ठेवते ती नावं, याशिवाय आपलं घर जागं होत नाही. अजून खूप काळ असेच एकत्र असायला हवेत. खूप खूप प्रेम.

यात तीन ठिकाणी शब्द मुद्दाम निवडलेत. चहा करण्याला "इडुन्न" घेतलंय, कारण घरात चहा "इडतात". "तय्याराक्कुन्न" म्हटलं तर पाककृती वाचल्यासारखं होतं. "परयुन्न कुट्टं" म्हणजे सवयीनं काढलेली खोड. त्याऐवजी "कुट्टप्पेडुत्तुन्न" लिहिलं तर आई बाबांवर खरोखर दोष ठेवते असा अर्थ होईल आणि सगळी ऊब जाईल. तिसरं, शेवटचं क्रियापद. छापील पत्रांवर "उण्डागट्टे" असतं, म्हणजे "असो", जे आशीर्वादाच्या सुरात जातं. "उण्डावणं" म्हणजे "असायलाच हवेत". मुलांनी आईवडिलांकडे हक्कानं मागितल्यासारखं ते येतं आणि म्हणून मला ते जास्त आवडतं.

सहीला पूर्ण नाव लिहू नका. घरात ज्या लाडक्या नावानं हाक मारतात तीच दोन नावं लिहा. त्या एका बदलानं सगळा संदेश घरचा होतो.

पेरियार_काठ

मजकूर सुंदर झालाय. "उण्डागट्टे" बद्दल मात्र थोडा मतभेद. जुन्या पिढीला शेवटी देवाचं किंवा आयुरारोग्याचं एक वाक्य लागतं, ते नसलं तर संदेश अपुरा वाटतो. "दैवं अनुग्रहिक्कट्टे", देवाचा आशीर्वाद असो. इथे आशीर्वाद देणारा देव आहे, त्यामुळे मुलांनी मोठ्यांना आशीर्वाद दिल्याचा प्रश्न येत नाही. किंवा "आयुरारोग्यसौख्यं नेरुन्नु". नेरुन्नु म्हणजे इच्छितो. दोन्हीपैकी एकच घ्या.

कैरी_पन्हं

एकच, हे मान्य. पण या चार वाक्यांत चहानंतर "आयुरारोग्यसौख्यं" आलं की सूर एकदम बदलतो. देवाचं वाक्य त्यापेक्षा बरं बसेल. निर्णय शहाळं यांनी आईबाबांचा स्वभाव बघून घ्यावा.

रेवती_औंध

मी मराठी, सासर कोट्टयमचं, ख्रिस्ती. सासऱ्यांना घरात सगळे चाच्चन् म्हणतात आणि सासूबाईंना अम्मच्ची. वरचा मजकूर नावं बदलून वापरला तर चालेल का? आणि एक अडचण आहे. चाच्चनना मागच्या वर्षी पक्षाघात झाला, ते अंथरुणावर असतात. आयुरारोग्याचं वाक्य लिहावंसं वाटत नाही.

पेरियार_काठ

नावं बदलताना विभक्तीही बदलते. "अन्" नं संपणारं नाव असेल तर पुढे "उ", बाकीच्यांना "क्कु". म्हणून "चाच्चनुं अम्मच्चिक्कुं". पप्पा-मम्मी म्हणणारं घर असेल तर "पप्पय्क्कुं मम्मिक्कुं". एक काळजी घ्या. अप्पच्चन् आणि अम्मच्ची ही नावं काही घरांत आईवडिलांना आणि काही घरांत आजीआजोबांना असतात. तुमच्या नवऱ्याच्या तोंडी जे आहे तेच लिहा, शेजारच्या ख्रिस्ती घरातलं बघून नको. सून म्हणून वेगळं काही लागत नाही. नवरा ज्या नावानं हाक मारतो तीच तुमचीही हाक, आणि सही "मोळ्" अशी केलीत तर ती लेकीची सही होते.

चाच्चनच्या आजारपणात आयुरारोग्य आणि दीर्घायुष्य ही दोन्ही वाक्यं टाळावीत हे तुमचं बरोबर आहे. "उण्डावणं" सुद्धा त्या घरात जड होईल, कारण त्यात पुढच्या काळाची मागणी आहे. अशा वेळी आज जे आहे त्याबद्दल बोला. "रण्डुपेरुं इङ्ङने ओन्निच्चुण्डल्लो, अदु मदि ञङ्ङळ्क्कु." दोघं असे बरोबर आहात ना, आम्हाला तेवढं पुरे. शेवटी "प्रार्थनयोडे", म्हणजे प्रार्थनेसह. ख्रिस्ती घरात हा शब्द अगदी रोजचा आहे.

रेवती_औंध

मधली गोष्ट म्हणून हे चालेल का? अम्मच्ची संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात.

कैरी_पन्हं

हो, आणि त्यात आजाराचं नावही काढावं लागत नाही.

"वैगिट्टु चाच्चन्टे अडुत्तिरुन्नु अम्मच्चि पत्रं वायिक्कुन्नदु काणान् ञङ्ङळ्क्कु ओत्तिरि इष्टमाणु."

संध्याकाळी चाच्चनच्या जवळ बसून अम्मच्ची पेपर वाचतात ते बघायला आम्हाला खूप आवडतं. "इष्टमाणु" कसं कामाला येतं ते इथे दिसेल. लिहून पाठवण्याऐवजी तुम्ही आणि नवऱ्यानं आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर चाच्चनना डोळ्यांना ताण न देता ऐकता येईल. दोघांनी एकेक वाक्य वाटून घ्या, सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत बसतं. म्हणताना "अम्मच्चिक्कु" मधला शेवटचा उ पूर्ण उच्चारायचा नाही, तोंड न आवळता अर्धाच सोडायचा. मराठी माणूस तो ठसठशीत "क्कू" करतो आणि तिथेच परका वाटतो.

कल्लायी_पूल

कोऴिकोड्याकडून लिहितोय. वर सुरुवातीच्या पत्रातलं "निङ्ङळ्" चुकीचं धरल्यासारखं वाटलं. आमच्या मलबारात आईवडिलांना "इङ्ङळ्" म्हणणं हाच मान आहे. बापाला, काकाला, मास्तरांना, सगळ्यांना. मुसलमान घरात उप्पा-उम्मा, तर "उप्पाक्कुं उम्माक्कुं" असं म्हणतो आम्ही, आणि दुवा अशी: "पडच्चोन् आफियत्तुळ्ळ दीर्घायुस्सु तरट्टे." निर्मात्यानं निरोगी दीर्घायुष्य द्यावं. "दैवं" आमच्याकडे कळतं, पण उम्मा स्वतः पडच्चोन् म्हणते, मग तिला तेच लिहावं.

पेरियार_काठ

मलबारचं बरोबर सांगितलंत. त्रिशूरपासून दक्षिणेकडे मात्र एकट्या वडिलांना "निङ्ङळ्" म्हटलेलं बऱ्याच घरांत तुटक लागतं, भांडणातला शब्द वाटतो. तिथे सर्वनामच टाळतात. "तुम्ही जेवलात का" ऐवजी "अच्छन् कऴिच्चो", म्हणजे बाबा जेवले का, असं समोरासमोर विचारतात. म्हणून कैरी_पन्हं यांच्या मजकुरात एकदाही "तुम्ही" आलेलं नाही, "अच्छन् इडुन्न", "अम्म परयुन्न" असंच आहे. दोघांना मिळून "निङ्ङळ् रण्डुपेरुं" म्हणणं चालून जातं. "ताङ्गळ्" मात्र आईवडिलांना कधीच नको, तो पत्रव्यवहाराचा शब्द आहे.

कल्लायी_पूल

दक्षिणेतली काही घरं मलाही माहीत आहेत जिथे "निङ्ङळ्" सहज म्हणतात. एवढं ठाम म्हणू नका.

लिपी_आणि_टाक

टायपिंगचं कुणी बोललं नाही. मल्याळम कीबोर्डमध्ये मंग्लिश टाईप केलं, उदाहरणार्थ `vivaha varshikashamsakal`, की मल्याळम अक्षरं समोर येतात. सुचवलेल्या शब्दांतला पहिला डोळे झाकून घेऊ नका. शेवटी ळ् हवा, ल् नको. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो, म्हणून वाचता येणाऱ्याकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्या.

यापेक्षा मोठी चूक जुन्या पानावरून मजकूर उचलण्यात होते. अच्छन् मधला शेवटचा न् हे चिल्लु अक्षर आहे, स्वर नसलेल्या व्यंजनाचं स्वतंत्र रूप. युनिकोडमध्ये चिल्लूंना स्वतंत्र जागा 2008 मध्ये, 5.1 या आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ते न, चंद्रकला आणि एक न दिसणारं जोडचिन्ह मिळून बनवलेलं असतं. कॉपी करताना ते जोडचिन्ह गळालं की चिल्लु मोडतं आणि न वर चंद्रकला उरते. आता हे नुसतं दिसायला वाईट नाही, कारण "अच्छनु", म्हणजे "वडिलांना", हा शब्द लिहितात नेमका तसाच. तुमच्या संदेशातलं "बाबा करतात तो चहा" हे "बाबांसाठी करतात तो चहा" होऊन बसेल! आईला वाटेल चहाचं श्रेय तिला दिलंय. म्हणून नव्यानं टाईप करा आणि "अच्छन्" शब्दाचा शेवट फुगवून बघा. वर चंद्रकोरीसारखं चिन्ह दिसलं तर चुकलं.

फलक किंवा केकवरचा कागद छापून घ्यायचा असेल तर दुकानदाराला मजकूर नको, चित्र किंवा पीडीएफ पाठवा. बऱ्याच छपाईच्या दुकानांत अजून युनिकोडपूर्वीचे एमएल-टीटी फॉन्ट वापरतात. त्यात तुमचा मजकूर चिकटवला की भलतीच चिन्हं येतात, आणि मल्याळम न वाचणाऱ्या दुकानदाराला ते ओळखू येत नाही.

शहाळं_७

अच्छन् ची गोष्ट भावाला लगेच कळवतो, टाईप तोच करणार आहे. देवाचं वाक्य घेतोय, म्हणजे "दैवं अनुग्रहिक्कट्टे" शेवटून दुसरं येईल. आईबाबा देवनागरी सहज वाचतात, पण ग्रुपवर गावाकडचे सगळे आहेत, म्हणून मल्याळम लिपीतच जाईल. आता एकच प्रश्न. ग्रुपवर वडिलांचे थोरले भाऊ आणि आत्या आहेत. त्यांच्यासमोर "आई नावं ठेवते" हे वाक्य जाऊ द्यावं का?

पेरियार_काठ

माझ्या मते ग्रुपवर पहिलं आणि देवाचं वाक्य जाऊ द्या आणि पूर्ण मजकूर आईबाबांना वेगळा पाठवा. थोरल्या दीरासमोर वहिनीच्या बोलण्याची जाहीर चर्चा काही घरांत रुचत नाही.

कैरी_पन्हं

मी पूर्णच ग्रुपवर टाकेन. चहाचं वाक्य काढलं की उरलेलं इतर दहा जणांच्या शुभेच्छांसारखंच दिसेल. फार तर "परयुन्न कुट्टवुं" च्या जागी "परयुन्न अभिप्रायवुं" करा, म्हणजे आईचा अभिप्राय. ज्यांना माहीत आहे त्यांना तो काय असतो ते कळेलच.

कल्लायी_पूल

अभिप्राय नको, तो शब्द सभेतला आहे. कुट्टंच ठेवा. आधी आत्याला फोन करून विचारा, ती सांगेल चालेल की नाही.